खजिनदार होतीस, म्हणजे नक्की काय केलंस?

आज बोलायचंय ते ज्यांच्या घरात कॉमर्स किंवा आर्ट्सची पदवी घेतलेलं मूल पहिली नोकरी शोधतंय, त्यांच्याशी.

मागच्या महिन्यात माझ्या भाचीनं मला तिचा रेझ्युमे दाखवला. ती न्यू जर्सीत शिकते, इतिहास मुख्य विषय आणि जोडीला अर्थशास्त्र. म्हणाली, "मामा, माझ्या मैत्रिणींकडे कोडिंगचे प्रोजेक्ट आहेत. माझ्याकडे दाखवायला काहीच नाही." मी स्वतः आयटीत आहे, टीमसाठी मुलाखतीही घेतो. रेझ्युमेत एक ओळ होती: 'कल्चरल क्लबची ट्रेझरर, हिशेबाची जबाबदारी.' मी म्हटलं, हे बाजूला ठेव आणि मला सांग, तू नक्की काय केलंस?

हळूहळू गोष्ट बाहेर आली. दिवाळीच्या कार्यक्रमाचं तिकीट वीस डॉलर होतं. नावं गूगल फॉर्मवर यायची, पैसे वेगळ्या ॲपवर. आधीच्या वर्षी दोन्हींचा मेळ कुणी घातलाच नव्हता. हिनं एक्सेलमध्ये दोन्ही याद्या शेजारी-शेजारी मांडल्या आणि दर रविवारी जुळवून पाहिल्या. फॉर्मवर 212 नावं होती, पैसे मात्र 197 जणांचेच आले होते. उरलेल्या 15 जणांना तिनं वैयक्तिक मेल केली. 13 जणांनी पैसे भरले, म्हणजे 260 डॉलर वसूल झाले.

अहो, ऑफिसात याच कामाला रिकन्सिलिएशन म्हणतात! बँकेत, विमा कंपनीत, अकाउंट्स विभागात नवीन माणसाला बऱ्याचदा हेच काम करावं लागतं. मग ओळ अशी झाली: '212 जणांच्या कार्यक्रमाची तिकीट-यादी आणि जमा रक्कम दर आठवड्याला एक्सेलमध्ये जुळवली, 15 थकबाकीदार शोधून 13 जणांकडून वसुली केली.' वाचणाऱ्याला आता काम डोळ्यांसमोर दिसतं.

इंटर्नशिपचंही तसंच. 'ऑफिसच्या कामात मदत केली' यातून काही कळत नाही. प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारा: किती? किती वेळा? आणि तुझ्यामुळे काय बदललं? तिसऱ्याला उत्तर नसेल तर पहिल्या दोनवर थांबा, पण आकडा फुगवू नका. मुलाखतीत मी एकच प्रश्न विचारतो: "या कार्यक्रमात सगळ्यात मोठा खर्च कशावर झाला?" ज्यानं काम केलंय तो लगेच म्हणतो, "हॉलचं भाडं." ज्यानं फक्त पद मिरवलंय तो अडखळतो. तिथेच कळतं.

अभ्यासक्रमाबद्दलही सांगतो. विषयांची नुसती नावं लिहून जागा भरू नका. भाचीनं एका पेपरसाठी जुन्या जनगणनेतल्या 300 कुटुंबांच्या नोंदी एक्सेलमध्ये भरून, पिव्होट टेबल करून व्यवसायांची तुलना केली होती. ते तिला शाळेतल्या गृहपाठासारखं वाटत होतं. पण विस्कळीत माहिती नीट लावणं आणि त्यातून निष्कर्ष काढून दहा पानांत मांडणं, हे कामच आहे. ते एका ओळीत लिहिलं. रेझ्युमे एका पानाचाच ठेवला. इथे फोटो, जन्मतारीख, आईवडिलांची नावं घालत नाहीत, त्यामुळे ती जागाही मोकळी झाली.

आता एक अडचण खास आपल्या घरांतली. 'मी केलं, मी केलं' म्हणणं आपल्याला शोभत नाही, असंच आपण मुलांना शिकवलंय. त्यामुळे मुलाखतीत मुलं 'आम्ही केलं' म्हणतात, आणि समोरच्याला ह्यानं काय केलं ते कळतच नाही. जेवणाच्या टेबलावर सराव करून घ्या: परिस्थिती काय होती, तुझं काम काय होतं, तू काय केलंस, शेवटी काय झालं. दोन मिनिटांत. 'आम्ही' आलं की थांबवा आणि विचारा, "त्यातलं तुझं कोणतं?"

याला मर्यादा आहेत, तेही सांगतो. सॉफ्टवेअर डेव्हलपरच्या जागेला हे चालणार नाही. तिथे कोडच दाखवावा लागतो. डेटा ॲनालिस्टच्या बऱ्याच जाहिरातींत एसक्यूएल मागतात. ते येत नसेल तर क्लबचा हिशेब त्याची जागा घेणार नाही. पण ऑपरेशन्स, ग्राहकसेवा, अकाउंट्स, एचआर, प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर या जागांसाठी घाईघाईनं दुसऱ्याचा कोडिंग प्रोजेक्ट उतरवून लावू नका. दुसऱ्याच प्रश्नाला तो उघडा पडतो, आणि मग खऱ्या ओळींवरही विश्वास राहत नाही.

तेव्हा आज रात्री मुलाचा रेझ्युमे मागा. 'मदत' आणि 'जबाबदारी' हे शब्द पेन्सिलीनं गोल करा, आणि प्रत्येक गोलाशेजारी विचारा: म्हणजे नक्की काय केलंस?