रोज बदलणारा पत्ता आणि बँकेचं बंद फाटक

आजचा विषय एका वाक्यात सांगतो: आपला प्रोग्राम बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी बँकेचा सर्व्हर कधी दार उघडतो, कधी नाही. असं का होतं?

समजा, इंदूरची एक पतसंस्था आहे. सभासदांचे पैसे बँकेच्या एपीआयमधून पाठवायचे म्हणून तिनं एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये एक लॅम्डा फंक्शन लिहिलं. सर्व्हर सांभाळायचा नाही, वापर होईल तेवढंच बिल. बँकेनं विचारलं, "तुमचा आयपी पत्ता कोणता? आम्ही तो व्हाइटलिस्ट करतो." चाचणीच्या दिवशी जो पत्ता दिसला, तो यांनी कळवला. दोन दिवस सगळं सुरळीत चाललं आणि तिसऱ्या दिवशी व्यवहार अडायला लागले.

छावणीच्या फाटकावर पहारेकऱ्याकडे गाड्यांच्या नंबरांची यादी असते. तुम्ही रोज वेगळ्या टॅक्सीनं आलात, तर माणूस तोच असूनही गाडी अडणारच. लॅम्डाचं तसंच आहे. फंक्शन ज्या तात्पुरत्या जागेत चालतं, ती जागा एडब्ल्यूएस स्वतः उभी करतं आणि मोडतं. जागा टिकली तोवर पत्ता सहसा तोच दिसतो. नवी जागा उभी राहिली की पत्ता बदलू शकतो. म्हणून बिघाड सतत नसतो, मधूनमधून असतो. बँकेची फायरवॉल विनंती गुपचूप टाकून देत असेल, तर तुम्हाला टाइमआउट दिसतो. तिथला गेटवे नकार कळवत असेल, तर बहुधा 403 येतो.

इथे काही जण बँकेला सांगतात, एडब्ल्यूएसचे सगळेच पत्ते यादीत घाला. हे करू नका. ते पत्ते एडब्ल्यूएसचे इतर असंख्य ग्राहकही वापरतात, म्हणजे त्या सगळ्यांना फाटक उघडं होईल.

खरा उपाय असा. फंक्शनला आपल्या व्हीपीसीमधल्या प्रायव्हेट सबनेटला जोडायचं. पब्लिक सबनेटमध्ये नॅट गेटवे उभा करून त्याला एक इलॅस्टिक आयपी द्यायचा. मग प्रायव्हेट सबनेटच्या रूट टेबलमध्ये `0.0.0.0/0` ची वाट नॅट गेटवेकडे, आणि पब्लिक सबनेटची इंटरनेट गेटवेकडे. आता फंक्शनच्या किती का प्रती चालेनात, बँकेला एकच पत्ता दिसेल.

सर्रास होणारी चूक म्हणजे फंक्शन थेट पब्लिक सबनेटला जोडणं. व्हीपीसीत लॅम्डाला सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता मिळत नाही, त्यामुळे बाहेर जाणारी प्रत्येक विनंती लटकते. आधी व्यवहार मधूनमधून अडत होते आणि जोडणीनंतर सगळेच अडले, तर पहिल्यांदा सबनेट आणि रूट टेबल तपासा.

दुसरी गोष्ट. साधा नॅट गेटवे एकाच अव्हेलेबिलिटी झोनमध्ये असतो. तो झोन बंद पडला तरी काम चालावं म्हणून दोन झोनमध्ये दोन गेटवे ठेवले, तर इलॅस्टिक आयपीही दोन झाले. ते दोन्ही बँकेला कळवायला हवेत. एकच कळवला, तर पुन्हा तोच मधूनमधून होणारा बिघाड, आता स्वतःच्या हातानं!

तपासणी सोपी आहे. हे छोटं फंक्शन आळीपाळीनं एकेका प्रायव्हेट सबनेटला जोडून चालवा:

```python
import urllib.request

def handler(event, context):
    u = "https://checkip.amazonaws.com"
    r = urllib.request.urlopen(u, timeout=5)
    return r.read().decode().strip()
```

उत्तरात येणारा पत्ता तुमच्या इलॅस्टिक आयपीशी जुळला पाहिजे. बँकेकडून "यादीत घेतला" असा निरोप आल्यावरच खरं फंक्शन नव्या वाटेवर न्या. पुढे कधी नॅट गेटवे काढावा लागला, तरी इलॅस्टिक आयपी तुमच्या खात्यात राहतो. तो रिलीज मात्र करू नका. रिलीज केलेला पत्ता दुसऱ्या कुणाला मिळू शकतो, आणि बँकेच्या यादीत तो अजून असतो.

आता खर्च. फंक्शन झोपलेलं असलं तरी नॅट गेटवेचं भाडं तासाप्रमाणे चालू राहतं, शिवाय डेटाचे पैसे वेगळे. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर पडतात. म्हणून बँकेशी बोलणारं फंक्शनच तेवढं व्हीपीसीत ठेवा, बाकीची बाहेर राहू द्या. त्याला एस-थ्री किंवा डायनॅमो-डीबी लागत असेल, तर त्यांचा गेटवे एंडपॉइंट जोडा. त्याला वेगळा आकार नाही आणि तो डेटा नॅटमधून जात नाही.

गूगलच्या क्लाउड रनवरही हीच रचना आहे: व्हीपीसी, क्लाउड नॅट आणि राखून ठेवलेला पत्ता. फक्त तिथे `--vpc-egress=all-traffic` द्यायला विसरू नका. नाहीतर बँकेकडे जाणारी विनंती नॅटला वळसा घालून जुन्याच वाटेनं बाहेर पडते.

बँकेला पत्ता कळवण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: हा पत्ता माझ्या खात्यात माझ्या नावावर राखलेला आहे, की आज योगायोगानं दिसला?