पैठणीची पाठ



भाचीच्या लग्नात मामाने पैठणी नेसवावी, ही आमच्या मराठवाड्यातील जुनी हौस. मीही ती करावयास निघालो आणि फसलो. परभणीस भरलेल्या एका प्रदर्शनात, 'अस्सल हातमाग' अशी पाटी लावलेल्या दुकानातून, साडेआठ हजार रुपये मोजून मोरांच्या पदराची एक देखणी पैठणी मी आणली. घरी थोरल्या भगिनीने ती हातात घेतली. मोरांकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने पदर उलटा केला आणि म्हणाली, "दादा, मोर पुढून आहे रे, मागून नुसते केस आहेत."

या एका वाक्यात पैठणीची सारी परीक्षा आली. ती कशी, एवढेच आज सांगावयाचे आहे.

परभणीकरांना पैठण परके नाही. तेथील नाथसागराचे पाणी डाव्या कालव्याने आमच्या जिल्ह्याच्या शेतांपर्यंत येते, आणि पैठणास वळसा घालून निघालेली गोदावरी पुढे पाथरी व गंगाखेड या तालुक्यांतून वाहते. तेव्हा लग्नाच्या तिथीस अद्याप अवधी आहे हे पाहून मी सरळ पैठणची वाट धरली आणि एका विणकराच्या मागाजवळ दिवसभर बसून राहिलो.

खऱ्या पैठणीच्या पदरात नक्षीसाठी वेगळा धागा वरून भरलेला नसतो. नक्षी हेच तेथील वस्त्र असते. जरीच्या भुईवर मोर काढावयाचा तर त्याच्या गळ्याच्या निळ्याची एक तिल्ली, पिसाऱ्याच्या हिरव्याची दुसरी, चोचीच्या लालाची तिसरी, अशा लहान लहान तिल्ल्या विणकर ताण्यावर ओळीने मांडून ठेवतो. प्रत्येक रंग आपल्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या धाग्यास अडकतो आणि तेथूनच माघारी फिरतो. एक ओळ अशी पुरी झाली की फणी ठोकावयाची आणि पुढची ओळ हाती घ्यावयाची. मी बसलो होतो त्या दिवशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पदर चार बोटेही पुढे सरकला नाही.

रंग हद्दीवरून माघारी फिरतो, म्हणूनच पाठ पोटासारखी दिसते. मागूनही तोच मोर, फक्त तोंड दुसऱ्या दिशेस. यंत्रमागावरील नकलेत रंगीत धागा या काठापासून त्या काठापर्यंत जातो. जेथे नक्षी तेथे वर येतो, इतरत्र मागे लोंबकळतो. मग ते लोंबते धागे कापून टाकतात आणि त्यांची खुंटे राहतात. माझ्या भगिनीने पाहिलेले केस ते हेच. काही ठिकाणी ही खुंटे झाकण्यास पदरामागे जाळीचे अस्तर शिवलेले असते. अस्तर असेल तर ते उसवून दाखवा म्हणावे. दुकानदार कां कूं करू लागला की उत्तर मिळालेच.

येथे एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. पाठीवर धागे दिसले म्हणजे वस्त्र यंत्राचेच, असा निकाल घाईने देऊ नये. हातमागावरही जकार्ड बसवून नक्षी भरतात, आणि तिच्या पाठीवर असेच धागे सुटतात. ते काम लबाडीचे नव्हे. पण त्यास वेळ पुष्कळ कमी लागतो, आणि म्हणून त्याची किंमतही निराळी असावयास हवी. तो माल तिल्लीच्या पैठणीच्या भावात देणे, येथे लबाडी सुरू होते. दुसरी खूण अशी की, हाताने विणलेल्या पदरातील दोन शेजारचे मोर तंतोतंत जुळे नसतात. एखाद्याची चोच धाग्याभराने लांब असते. मला तर ती चूक पाहून हायसे वाटते.

शिक्क्यांविषयीही थोडे बोलले पाहिजे. २००४ साली सुरू झालेला 'सिल्क मार्क' हा धागा शुद्ध रेशमाचा आहे, एवढेच सांगतो. तो कोणत्या मागावर विणला, याविषयी तो मौन पाळतो. यंत्रमागाच्या रेशमी साडीवरही तो अगदी प्रामाणिकपणे असू शकतो. हातमागाची ग्वाही देणारा 'हँडलूम मार्क' निराळा. तो २००६ साली निघाला. माझ्या पहिल्या खरेदीवर पहिला शिक्का होता, दुसरा नव्हता, आणि मी एकाचा अर्थ दुसऱ्यास लावून मोकळा झालो होतो!

आता किमतीकडे वळू. त्या विणकराने मला हिशेब सांगितला नाही. मीच तो मांडला. साधा काठ आणि बेताचा पदर असलेल्या पैठणीस चाळीस दिवस लागतात असे धरू. रेशीम, जर आणि रंगाई यांचे सात हजार धरू. तुम्ही त्या दिवसाचा भाव विचारून हा आकडा हवा तसा बदला. मजुरीसाठी मी मुद्दाम अगदी खालचे माप घेतले. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर माती उपसणाऱ्या अकुशल मजुरास दिवसाला ३१२ रुपये ठरलेले होते. त्या दराने चाळीस दिवसांचे १२,४८० होतात. सातांशी मिळवले की १९,४८० झाले. कांड्या भरणारी, तुटलेला ताणा सांधणारी त्याची पत्नी अर्धा दिवस तरी राबते. तिचे ६,२४० घातले तर आकडा २५,७२० वर जातो. दुकानाचे भाडे आणि व्यापाऱ्याचा नफा अजून यात धरलेलाच नाही.

हा हिशेब माझ्यासमोर प्रदर्शनातच असता, तर पदर उलटण्याचीही गरज पडली नसती. साडेआठ हजारांत ते चाळीस दिवस बसतच नव्हते.

घासाघीस करताना आपण काय कापतो, हेही यावरून उघड होते. रेशमाचा भाव विणकराच्या हाती नाही, जरीचा नाही. बहुतेक विणकर मालकाकडून रेशीम व जर घेऊन नगावर मजुरी घेतात. जो स्वतःच माल घालून विणतो आणि विकतो, त्याच्याकडून तीन हजार कमी करून घेतले, म्हणजे वरील दराने त्याचे साडेनऊ दिवस फुकट गेले. मी स्वतः त्या दिवशी घासाघीस केली नाही, असे म्हणण्याची सोय नाही. हजार रुपये उतरवून मागितले होते. तो काही बोलला नाही, फक्त तिल्ल्या आवरू लागला. मला माझी लाज वाटली.

सहकारी संस्थेकडून घेतले की हा प्रश्न आपोआप सुटतो, असा पुष्कळांचा समज आहे. पाटीवर 'सहकारी' हा शब्द रंगविणे सोपे आहे. मी दोन प्रश्न विचारतो: विणणारा माणूस संस्थेचा सभासद आहे की केवळ मजूर? आणि या वस्त्रासाठी त्याच्या हाती किती मजुरी पडली? जेथे खरोखर विणकरांची संस्था असते, तेथे वही उघडून दाखविण्यास अडचण वाटत नाही. आणि वर्षअखेरीस नफ्याचा वाटा सभासदांस मिळतो की नाही, तेही सांगतात. जेथे हे प्रश्न अपमानासारखे घेतले जातात, तेथून मी चहा घेऊन उठतो.

एवढी रक्कम साऱ्यांनाच झेपेल असे नाही. मलाही ती दोनदा खर्चावी लागली, कारण पहिले दुकान पुढच्या गावच्या प्रदर्शनाकडे निघून गेले होते. ज्यांना झेपत नाही त्यांनी स्वस्तातली नक्कल अस्सल समजून घेण्याऐवजी तिल्लीनेच विणलेली एखादी लहान वस्तू घ्यावी. एकाच मोराचा चौकोन चौकटीत बसवून दिलेला मी पैठणला पाहिला. त्यासही पाठ असते, आणि ती पाहता येते.

भाचीस मी शेवटी जांभळी पैठणी दिली. लग्नाच्या मांडवात तिच्या सासूबाईंनी सर्वांदेखत पदर हातात घेतला, उलटा केला, आणि काही न बोलता पुन्हा नीट तिच्या खांद्यावर ठेवला.