वंशावळ कुठून सुरू करावी?



सातबारावर वारसांची नावे लावायची असोत, की भूसंपादनाची रक्कम मागायची असो, धडगाव-अक्कलकुव्याकडचे पुष्कळ लोक वंशावळ लिहायला स्वतःपासून सुरुवात करतात. ती सुरू करायची असते सरकारी नोंदीत ज्याचे नाव आहे त्याच्यापासून.

एक उदाहरण घेऊ. समजा, सातबारा बुध्या यांच्या नावावर आहे. त्यांना दोन मुलगे, दोन मुली. थोरला सोम्या वडिलांच्या आधीच वारला. त्याच्यामागे बायको आणि एक मुलगा आहे. एक मुलगी लग्न होऊन गुजरातेत गेली. आता बुध्याही वारले. धाकटा मुलगा तलाठ्याकडे अर्ज करतो आणि प्रतिज्ञापत्रात फक्त आईचे व स्वतःचे नाव लिहितो. नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस असतात, वहिनी हरकत घेते आणि मंडळ अधिकारी फेरफार नामंजूर करतात.

मयत माणूसही वंशावळीत दाखवायचाच. सोम्याच्या नावापुढे ‘मयत’ आणि मृत्यूची तारीख लिहून खाली त्याची बायको व मुलगा दाखवला, की ती शाखा पूर्ण होते.

मुलींच्या बाबतीत, ‘आमच्यात मुलीला जमीन देत नाहीत,’ असे सांगितले जाते. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, हे खरे. पण तशी रूढी आहे असे म्हणणाऱ्याने ती सिद्ध करावी लागते. छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये हेच सांगितले आणि मुलीच्या वारसांचा हिस्सा मान्य केला. बहिणीला खरोखर हिस्सा नको असेल, तर ती नंतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देऊ शकते. पण वंशावळीत तिचे नाव हवेच.

दुसरा मोठा घोटाळा नावांचा. सातबारावर बुध्या, आधारवर बुधा आणि मंडळीच्या नोंदवहीत बाप्तिस्म्याचे नाव योहान. कार्यालयाच्या दृष्टीने ही तीन माणसे झाली. प्रतिज्ञापत्रात ‘बुध्या उर्फ बुधा उर्फ योहान ही एकच व्यक्ती’ असे स्पष्ट लिहा आणि प्रत्येक नावाचा एक पुरावा जोडा.

मृत्यूचा दाखला नसेल तर आधी तो काढावा. वर्ष उलटून गेलेल्या मृत्यूची नोंद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही, म्हणून हे काम शेवटावर टाकू नका. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. त्यासाठी कोणी महागडा स्टॅम्पपेपर घ्यायला लावला तर विचारा. सही किंवा अंगठा मात्र शपथ घेताना अधिकाऱ्यासमोरच करायचा.

वनपट्टा असेल तर आधी त्यावरची नावे पाहा. विवाहित दांपत्याचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. म्हणजे नवरा वारला तरी विधवा आधीपासूनच हक्कधारक असते. तिला केवळ वारस म्हणून लिहू नका.

आणि बँकेतली मोठी रक्कम असेल, वारसनाव दिलेले नसेल किंवा वारसांत वाद असेल, तर बँक बहुधा न्यायालयाचे वारस प्रमाणपत्र मागते. तिथे नुसते प्रतिज्ञापत्र चालत नाही.