बदनाम, देवदत्त आणि ताराराणी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



आज मला पंधरा मिनिटं दिली आहेत. सेक्रेटरींनी बजावलंय की त्यानंतर जेवणाची पंगत आहे, तेव्हा घड्याळ समोर ठेवूनच बोलतो. विषय भाषेचा आहे, पण खरं सांगायचं तर ही माझी जाहीर दुरुस्ती आहे.

गेल्या गणेशोत्सवात मी याच जागेवर उभा राहून दोन वाक्यं ठोकून दिली होती. एक, आपला 'बदनाम' म्हणजे इंग्रजांचा 'बॅड नेम', बघा शब्द कसा जसाच्या तसा गेलाय. दोन, आपला 'देव' आणि ग्रीकांचा 'थेऑस' एकच. टाळ्या पडल्या. ग्रुपवर फिरलं. आणि बी विंगमधल्या एका मुलीनं विश्वासानं ते आपल्या वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात घातलं. परीक्षकांनी भर सभेत तिला थांबवून विचारलं, 'हे कुठून आणलंस?' पोरगी रडत घरी आली. चूक तिची नव्हती, माझी होती. त्यानंतर चार-पाच महिने मी ग्रंथालयात बसलो. जे कळलं ते आज सांगतो.

पहिल्यांदा 'बदनाम' घेऊ, कारण गंमत अशी की त्यात मी निम्मा बरोबर होतो.

'नाम' आणि 'नेम' हे खरेच सख्खे. संस्कृतात नामन्, लॅटिनमध्ये नोमेन, फारसीत नाम, जुन्या इंग्रजीत नामा. हजारो वर्षांपूर्वी एक भाषा बोलली जात होती. तिचं लेखन कुठेच सापडत नाही, पण तिच्याच लेकी-नाती म्हणजे संस्कृत, जुनी फारसी, ग्रीक, लॅटिन आणि जर्मन-इंग्रजीची आजी. या घराण्याला भारोपीय म्हणतात. यात संस्कृत ही आई नाही, थोरली बहीण म्हणा. आपल्याला आई म्हणायला आवडतं, पण कागदपत्रं तसं सांगत नाहीत.

आता 'बद'. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. आजच्या फारसीत 'बद' म्हणजे वाईट आणि इंग्रजीतही 'बॅड' म्हणजे वाईट. आवाज तोच, अर्थ तोच. आणखी काय पाहिजे? मलाही असंच वाटलं होतं. पण दीड हजार वर्षांपूर्वीच्या फारसीत हा शब्द 'वद' असा होता. म्हणजे तेव्हा 'ब'च नव्हता. इकडे इंग्रजीतला 'बॅड' मागे शोधत गेलात तर तेराव्या शतकाच्या आसपास तो दिसू लागतो, आणि जर्मन, डच या त्याच्या सख्ख्या बहिणींकडे त्याचा पत्ताच नाही. दोन माणसं योगायोगानं एकाच रंगाचा शर्ट घालून लग्नाला आली, एवढंच.

मी पस्तीस वर्षं बँकेत काढली. सुरुवातीच्या काळात एकदा सही 'सारखी दिसते' म्हणून मी एक चेक पास केला. संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी नमुना सहीचं कार्ड माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, 'कार्ड काढून बघितलं होतंत का?' नव्हतं बघितलं. शब्दांचंही तसंच आहे. आजचं रूप म्हणजे चेकवरची सही. कार्ड म्हणजे त्या शब्दाचं जुन्यात जुनं सापडणारं रूप. ते काढलं की एक गोष्ट दिसते, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच: खरे नातेवाईक मागे जाल तसे एकमेकांजवळ येतात, आणि नुसते दिसायला सारखे असलेले मागे जाल तसे लांब होतात. 'बद' आणि 'बॅड' लांब गेले.

आता जवळ येणारी जोडी बघा. आपला 'देव' आणि लॅटिनमधला 'देउस'. देउसमध्ये 'व' दिसत नाही, म्हणून शंका येते. पण लॅटिनच्या अगदी जुन्या कोरीव लेखात हा शब्द 'देइवोस' असा आहे. व हजर! संस्कृतातला 'ए' सुद्धा पूर्वी 'अइ' असा होता. म्हणजे मागे जाताना दोघे एका उंबऱ्यावर येतात.

हे सारखेपण पहिल्यांदा ज्यांच्या कानावर पडलं त्यातला एक जण आपल्या शेजारी, गोव्यात होता. फिलिप्पो सासेत्ती नावाचा व्यापारी. त्यानं १५८५च्या सुमारास घरी पाठवलेल्या पत्रात लिहिलं की इथल्या पंडितांच्या भाषेतले सहा, सात, आठ, नऊ हे आकडे आणि देव, साप असे शब्द आमच्या इटालियनसारखे आहेत. सप्त–सेत्ते, अष्ट–ओत्तो, नव–नोवे, देव–दिओ, सर्प–सेर्पे. विल्यम जोन्सनं कलकत्त्यात हे शास्त्र म्हणून मांडलं १७८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनी. सासेत्ती १५८८ साली गोव्यातच वारला.

तो मूळचा कुठला? फ्लॉरेन्सचा. आणि फ्लॉरेन्स म्हटलं की कोल्हापूरकराला दुसरी गोष्ट आठवायला हवी. आपल्या गादीवरचे राजाराम महाराज, म्हणजे ताराराणींचे पती नव्हेत, नंतरचे, इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथेच वारले. वय अवघं विशीचं. आर्नो नदीच्या संगमावर त्यांचं दहन झालं. तिथे त्यांची छत्री आहे आणि जवळच्या पुलाला आजही 'हिंदी माणसाचा पूल' अशा अर्थाचं नाव आहे. 'राजा' हा शब्द त्या इटालियन लोकांना परका वाटायचं कारण नव्हतं. त्यांच्याकडे राजाला 'रे' म्हणतात, लॅटिनमध्ये 'रेक्स', आणि विभक्ती लागली की 'रेगिस'. त्या 'ग'शी आपला 'ज' जुळतो. हे एकाच शब्दात जुळलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. पण गुडघ्याला आपण 'जानु' म्हणतो, लॅटिन 'गेनू'. आपला 'जन', तर त्यांचा 'गेनुस'. पुन्हा पुन्हा तिथे ग, इथे ज. हा झाला नियम. एकच नोंद जुळली तर योगायोग असू शकतो, अख्खं लेजर जुळलं तर नाही.

आता माझी दुसरी चूक. माझा नातू देवदत्त जर्मनीत असतो. त्याच्या वर्गात थिओडोर नावाचा मुलगा आहे. नातवानं फोनवर विचारलं, 'आजोबा, आमच्या दोघांच्या नावांचा अर्थ एकच आहे, देवानं दिलेला. मग नाव पण एकच का?' मी फुशारकीनं 'हो' म्हटलं होतं. तेच लेजर उघडलं तेव्हा घोटाळा दिसला. आपला 'द' ग्रीकमध्ये 'द'च राहतो: दश, ग्रीक देका. आपला 'ध' मात्र ग्रीकमध्ये 'थ' होतो: धूम आणि थूमॉस, मधु आणि मेथू. मग 'थेऑस'चा भाऊबंद आपल्याकडे 'ध'नं सुरू व्हायला हवा, 'द'नं नव्हे. 'देव' तिथे बसत नाही. देवाचा खरा ग्रीक नातेवाईक आहे झ्यूस, आपल्या वेदातला द्यौः. आपण 'द्यौष्पिता' म्हणतो, ते 'झ्यूस पातेर', आणि रोमन लोक 'ज्युपिटर'.

म्हणजे थिओडोरचा 'थिओ' वेगळ्या घराण्यातला. पण 'डोर' बघा. ग्रीक 'दोरॉन' म्हणजे दान, आणि तिथे द ला द आहे. ते आपल्या 'दा' धातूचंच, दत्तमधलं. तेव्हा नातवाला मी नवं उत्तर कळवलं: तुझा मित्र तुझा निम्मा नातेवाईक आहे. पूर्ण हवा असेल तर रोमन लोकांत 'देओदातुस' नावाचे लोक असायचे. तो म्हणजे अक्षरशः देवदत्त, दोन्ही बाजूंनी. नरसोबाच्या वाडीला जाताना आता मला हे हटकून आठवतं.

एक इशारा. नियम बसला म्हणूनही लगेच पास करू नका. परवा कोणीतरी पाठवलं की 'रोम' म्हणजे 'राम'. संस्कृतचा 'आ' लॅटिनमध्ये 'ओ' होतो हे खरं आहे, दानम् आणि दोनुम. तेव्हा आवाजाच्या परीक्षेत राम-रोम पास! पण वेदात 'राम'चा अर्थ काळसर, पुढे रमणीय. रोमचं नाव बऱ्याच अभ्यासकांच्या मते त्यांच्या शेजारच्या एत्रुस्कन लोकांच्या भाषेतलं, आणि ती भाषा भारोपीय घराण्यातलीच नाही. अर्थाचा धागा कुठेच लागत नाही. राजारामातला राजा घ्या, रामाला तिथे ओढू नका. 'डेव्हिड'मध्ये देव शोधणाऱ्यांना सांगायचं, तो हिब्रू आहे.

आणि फार जास्त सारखेपणा दिसला तर उलट सावध व्हा. इंग्रजी 'कॉट' आपल्या 'खाट'सारखी का? कारण त्यांनी ती आपल्याकडूनच नेली. शेजाऱ्याकडे आपली वाटी दिसली म्हणून तो आपला भाऊ होत नाही. आपले 'अण्णा', 'अक्का' कानडी शेजारातून आले, तसंच.

हे सगळं मी त्या बी विंगमधल्या मुलीच्या घरी जाऊन तिला सांगितलं, आधी माफी मागितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'आजोबा, मग ताराराणी? तारा आणि स्टार?' मी म्हटलं, 'थांब, कार्ड काढू.' स्टारमधला 'स' तारात नाही. पण ऋग्वेदात ताऱ्यांनी या अर्थी 'स्तृभिः' असं रूप आहे, तिथे 'स' शिल्लक आहे. लॅटिन स्तेला, फारसी सितारा, सगळे एकाच पंगतीत. खरं नातं! वर मी तिला आयर्लंडमधली एक टेकडी दाखवली, तिचंही नाव 'तारा'. तिचं जुनं नाव 'तेमैर'. ती म्हणाली, 'लांब गेलं. म्हणजे योगायोग.'

मग ती वहीत लिहिता लिहिता थांबली. 'आणि राणी?' राणी म्हणजे राज्ञी, लॅटिनमध्ये रेगीना, तोच ज आणि ग. तिनं नावाच्या दोन्ही भागांखाली रेघ मारली आणि म्हणाली, 'आजोबा, हे निम्मं नाही, अख्खं नाव खरं निघालं.'