पांढरा डाग : कोड, शिबें कीं कोरडा चट्टा ?

मुलाच्या गालावर एखादा फिकट डाग दिसला, कीं घरांतल्या वडीलधाऱ्या माणसांच्या मनांत पहिला शब्द उभा राहतो तो 'कोड' हा. तो मोठ्यानें उच्चारला जात नाहीं. आजी सुनेला बाजूस घेऊन हळूच विचारते. आणि मूल मुलगी असेल, तर त्या हळू आवाजांत तिच्या पुढच्या लग्नाची काळजीहि मिसळलेली असते. वस्तुतः लहान मुलांच्या गालांवरील असे डाग बहुधा कोडाचे नसतात. परंतु ते कशाचे आहेत हें न पाहतां त्यांवर जे उपाय सुरू होतात, त्यांनीं कधीं कधीं मूळ डागापेक्षां अधिक नुकसान होतें.

त्वचेच्या बाह्य थराच्या तळाशीं रंग तयार करणाऱ्या कांहीं पेशी असतात. त्या 'मेलॅनिन' नांवाचें रंगद्रव्य बनवून भोंवतालच्या पेशींना पुरवितात. त्वचा फिकट होते ती मुख्यत्वें दोन रीतींनीं. एक तर या पेशीच नाहींशा होतात. किंवा पेशी शाबूत असून त्यांचें काम मंदावतें. पहिल्या प्रकारीं रंग अजीबात जातो, दुसऱ्या प्रकारीं तो केवळ उणा होतो. 'गेलेला रंग' आणि 'उणा झालेला रंग' यांतील हा भेद डोळ्यांना दिसण्याजोगा आहे, आणि निदानाचा पुष्कळसा भाग त्यावरच उभा आहे.

एक नेहमींच्या अनुभवांतलें उदाहरण घ्यावें. नऊ वर्षांची एक मुलगी मे महिन्याची सुट्टी कोंकणांत घालवून पुण्यास परत येते. उन्हांत खेळून तिचा चेहरा रापला आहे, आणि दोन्ही गालांवर रुपयाएवढे दोन-तीन फिकट चट्टे उठून दिसत आहेत. आजीच्या मतें पोटांत जंत झाले. शेजारीण म्हणते, कॅल्शियम कमी पडलें. वडील औषधांच्या दुकानांतून गजकर्णाचें मलम घेऊन येतात. प्रत्येकाचा तर्क निराळा, भीति मात्र सर्वांची एकच.

त्वचारोगांचा वैद्य अशा मुलीला खिडकीपाशीं उभी करून तिरप्या उजेडांत पाहतो. त्याची पहिली दृष्टि जाते ती डागाच्या कडेकडे. येथें कड अशी नाहींच. फिकटपणा विरत विरत आसपासच्या रंगांत मिसळतो. बोट फिरविलें तर चट्टा किंचित् खरखरीत लागतो, आणि त्यावर पिठासारखा बारीक कोंडा दिसतो. दंडांच्या मागील बाजूस रोमरंध्रांपाशीं कांटे आल्यासारखा खरखरीतपणा आहे, आणि तान्हेपणीं कोंपराच्या घडींत इसब होतें असें आईला आठवतें. एवढ्यावरून उलगडा होतो. ही प्रकृतीनेंच कोरडी असलेली त्वचा आहे. तिच्यांत अगदीं सौम्य दाह होऊन गेला आणि रंग बनविण्याचें काम तेवढ्या जागीं मंदावलें. यास वैद्यकांत 'पिटिरायसिस आल्बा' म्हणतात. डाग उन्हानें झाला नाहीं. भोंवतालची त्वचा काळवंडली म्हणून तो नजरेस आला. जंतांशीं किंवा कॅल्शियमशीं त्याचा संबंध जोडण्यास आधार नाहीं.

या मुलीला औषध म्हणावें असें फारसें लागत नाहीं. स्नानानंतर त्वचा ओलसर असतांनाच साधें व्हॅसलीन, चेहऱ्याला कडक साबण नाहीं, आणि उन्हांत जातांना टोपी. चट्टा लालसर व खाजरा असेल तर डॉक्टर थोडे दिवस सौम्य हायड्रोकॉर्टिझोन देतात. रंग भरून येण्यास कित्येक महिने, कधीं वर्षाहूनहि अधिक काळ लागतो, आणि पुढच्या उन्हाळ्यांत चट्टे पुन्हां दिसूं शकतात. या विलंबानेंच घरचीं माणसें धीर सोडतात. मग कोणी बावचीचें तेल सुचवितो. बावचींत सोरालेन नांवाचीं द्रव्यें असतात. त्यांच्या योगानें त्वचा सूर्यप्रकाशाला विलक्षण संवेदनक्षम होते. अशीं द्रव्यें कोडावर शास्त्रीय रीतीनें वापरलीं गेलीं आहेत, परंतु मापून दिलेल्या मात्रेंत व मोजलेल्या प्रकाशांत. अंदाजानें तेल लावून मुलाला उन्हांत बसविलें तर गालावर फोड येतात. वडिलांनीं आणलेल्या मलमाचीहि तीच गत. दुकानांत मिळणाऱ्या कित्येक मिश्र मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड असतें. तें महिनोन् महिने लावल्यास त्वचा पातळ होते आणि स्वतःच फिकट पडते. मग हा नवा डाग पाहून मलम आणखी लावलें जातें.

बुरशीचे डाग, ज्यांना आपल्याकडे शिबें म्हणतात, ते बहुधा तरुण वयांत आणि मान, छाती, पाठ, खांदे अशा तेलकट, घामट जागीं येतात. आपल्या उष्ण हवेंत लहान मुलांच्या चेहऱ्यावरहि ते कधीं कधीं दिसतात. यांची बुरशी बाहेरून येते असें नाहीं. 'मालासेझिया' नांवाची ही बुरशी बहुतेक सर्वांच्या त्वचेवर निरुपद्रवीपणें राहते. उष्मा व घाम वाढला कीं ती फोंफावते, आणि तिच्यापासून निघणारीं द्रव्यें रंगपेशींच्या कामांत अडथळा आणतात. येथें कड बरीच स्पष्ट असते, लहान ठिपके एकमेकांस मिळून मोठे होतात, आणि डागावरून नख हलकेच ओढलें तर कोंडा सुटतो. तो कोंडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावांत ठेवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, कीं आंखूड तंतु आणि गोल बीजाणूंचे घोस दिसतात. शंका उरत नाहीं. केटोकोनाझोल किंवा सेलेनियम सल्फाइड अंगास लावून कांहीं मिनिटांनीं धुतल्यानें बुरशी मरते. मात्र फिकटपणा त्यानंतरहि आठवडे, महिने राहतो, आणि औषध लागू पडलें नाहीं असा ग्रह होतो. नखानें कोंडा निघेनासा झाला असेल तर औषधानें आपलें काम केलें आहे असें समजावें.

कोडाची गोष्ट निराळी. तेथें शरीराची संरक्षक यंत्रणाच रंगपेशींचा नाश करते. डाग दुधासारखा किंवा खडूसारखा शुभ्र, कड रेखीव, आणि त्यावर कोंडा मुळींच नाहीं. ओठ, पापण्या, बोटांचीं टोकें, घोटे या त्याच्या आवडीच्या जागा. खरचटलेल्या रेषेवरहि तो उमटतो. डागावरील केंस पांढरे झाले असतील तर तें महत्त्वाचें लक्षण होय. अंधाऱ्या खोलींत अतिनील किरणांच्या दिव्याखालीं कोड लखलखीत पांढरें दिसतें. शिबें पुष्कळदां पिंवळसर झांक देतात. कोरडा चट्टा तसा उजळत नाहीं. कोड स्पर्शानें होत नाहीं, आणि मासे व दूध एकत्र खाल्ल्यानेंहि होत नाहीं. त्याला उपायच नाहीं ही समजूतहि खरी नव्हे. केंसांच्या मुळांशीं रंगपेशींचा सांठा उरलेला असतो, आणि टॅक्रोलिमसच्या मलमानें अथवा नियंत्रित अतिनील प्रकाशानें तेथूनच तपकिरी ठिपके उमलत डाग भरत जातो. चेहऱ्यावर हें चांगलें साधतें. बोटांच्या टोकांवर, जेथें केंसच नाहींत, तेथें फार थोडें साधतें.

आपल्या देशांत आणखी एका रोगाकडे डोळेझांक करून चालत नाहीं. महारोगाचा आरंभहि फिकट डागानें होतो, आणि त्यावर कापसाचा स्पर्श कळत नाहीं. चेहऱ्यावर मात्र मज्जातंतूंचें जाळें इतकें दाट असतें कीं, डाग महारोगाचा असूनहि तेथें स्पर्श कळूं शकतो. म्हणून एवढ्याच परीक्षेवर विसंबून राहतां येत नाहीं. नव्यानें उठणाऱ्या कोडाची कडहि पहिल्या आठवड्यांत अस्पष्ट असूं शकते. म्हणून त्या नऊ वर्षांच्या मुलीच्या गालांचें छायाचित्र त्याच खिडकीपाशीं काढून ठेवतात, आणि तीन महिन्यांनीं तिला पुन्हां दाखवावयास सांगतात. मधल्या काळांत डाग शुभ्र होऊं लागला, त्याची कड रेखीव झाली, तो बधिर भासला किंवा ओठांजवळ नवा डाग निघाला, तर तीन महिने थांबावयाचें नसतें.