पोटातल्या बाळाच्या किडनीला सूज



पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत कधी कधी लिहून येतं, बाळाच्या डाव्या किडनीला सूज. बांद्यातली एखादी लेक असा रिपोर्ट घेऊन घरी आली की सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. अशा वेळी डॉक्टरांना विचारायचं, किती मिलिमीटर? किडनीत लघवी जिथे जमते, त्या पिशवीची ती रुंदी असते. पाचव्या महिन्यात चारपर्यंत आणि सातव्या महिन्यानंतर सातपर्यंत ती ठीक धरतात. थोडी वाढलेली रुंदी बहुतेक बाळांत आपसूक उतरते.

समजा, या लेकीच्या बाळाची रुंदी विसाव्या आठवड्यात 6 आणि बत्तिसाव्या आठवड्यात 12 आली. दुसरी किडनी, मूत्राशय आणि गर्भजल ठीक आहे. मग बाळंतपण नेहमीसारखंच होऊ द्यावं. घाई होते ती जन्मानंतर. दुसऱ्याच दिवशी सोनोग्राफी करतात, सूज दिसत नाही, आणि कागद कपाटात जातो. पण पहिले दोन दिवस बाळ दूध थोडं पितं, लघवीही कमी करतं, त्यामुळे फुगलेली पिशवीही बारीक दिसते. म्हणून तपासणी तिसऱ्या ते सातव्या दिवसात करावी आणि ती चांगली आली तरी सहा आठवड्यांनी पुन्हा करावी.

तेव्हा ग्रेड ठरते. एक आणि दोनमध्ये फक्त पिशवी, फार तर तिच्या काही मोठ्या शाखा फुगतात. काही महिन्यांनी सोनोग्राफी करत राहिलं की बहुधा पुरतं. तीनमध्ये सगळ्या शाखा फुगतात, चारमध्ये किडनीचा गरही पातळ होतो. आपल्या बाळाची ग्रेड तीन आली, तर लघवी उलटी चढते का हे एक्सरेने पाहतात आणि दीड-दोन महिन्यांनंतर आयसोटोप स्कॅन करतात. तो तालुक्याला होत नाही, मोठ्या शहरात जावं लागतं. त्यात एकूण कामात डाव्या किडनीचा वाटा 46 टक्के निघाला, तर ऑपरेशन न करता लक्ष ठेवतात. तो 40च्या खाली गेला किंवा पुढच्या स्कॅनमध्ये दहा टक्क्यांनी घसरला, तर पिशवी आणि मूत्रवाहिनी यांच्यातला अडलेला सांधा कापून नव्याने जोडतात.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. दोन्ही किडन्या फुगलेल्या, मूत्राशय भरलेलं आणि पाणी कमी, असं पोटात असतानाच दिसलं आणि मुलगा जन्मला, तर मूत्रमार्गात पडद्यासारखी झडप असू शकते. लिंग आधी सांगायला कायद्याने बंदी आहे, म्हणून हा प्रश्न प्रसूतीच्या खोलीतच उभा राहतो. त्या बाळाला त्याच दिवशी नळी घालावी लागते. असा रिपोर्ट असेल तर बाळंतपण बालशल्यचिकित्सक असलेल्या मोठ्या रुग्णालयात ठरवावं.

आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते आणि फाईल सासरी राहते. ती सोबत न्या, बाळाच्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी दाखवा. आणि अशा बाळाला सर्दी-खोकला नसताना ताप आला, तर औषध देण्याआधी लघवीची तपासणी मागून घ्या.