मित्राच्या दहाव्याला बोललो ते

काका, काकू, आणि इथे आलेले सगळे,

आपला मित्र 27 वर्षांचा होता. हेल्मेट घातलेलं होतं, वेगही जास्त नव्हता. मागून ट्रक आला.

आज मला त्याच्या धाकट्या भावाशी बोलायचंय. छोट्या, 'मी लवकर ये म्हणालो, म्हणून तो निघाला,' असं तू दहा दिवस म्हणतोयस. मी शेजारच्याच डेस्कवर होतो. तुझा फोन आला तेव्हा त्याचा लॅपटॉप बॅगेत होता, जॅकेट अंगात होतं. तो निघालाच होता. फोन ठेवून हसत म्हणाला, "घरी बिर्याणी आहे रे आज."

बाकीच्यांना एकच विनंती. 'नेमकं कसं झालं?' हे या घरात आता कुणी विचारू नका. प्रत्येक वेळी यांना ते पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. या, नुसते बसा.